पूल कॅम्पसचा निकाल अडकलाय. कॉलेजच्या प्लेसमेंट अधिकाऱ्यांना म्हणजे टीपीओंना विचारू की थेट कंपनीच्या एचआरला?

मेकॅनिकल_शेवटचं_वर्ष: नमस्कार. मी पुण्यात बीई मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. मध्यंतरी दुसऱ्या एका कॉलेजात अनेक कॉलेजांचा मिळून पूल कॅम्पस झाला. अॅप्टिट्यूड, टेक्निकल आणि एचआर असे तिन्ही राउंड दिले. 'यादी कॉलेजला कळवू' एवढंच सांगितलं, त्यानंतर काहीच नाही. आता चाकणच्या एका कंपनीचा ड्राइव्ह आलाय, नोंदणी शुक्रवारी बंद होते. आमच्याकडे एका विद्यार्थ्याला एकच ऑफर असा नियम आहे. एचआर मॅडमचा मेल आयडी स्लाइडवर होता. त्यांनाच लिहू का? आणि चाकणसाठी नाव द्यावं की थांबावं?

हिंजवडी_शटल: इतके दिवस गेले म्हणजे नाहीच समज. ज्यांना घेतात त्यांना दोन दिवसांत कळतं.

माजी_प्लेसमेंट_सेल: दोन दिवसांत कळतं ते आपल्याच कॉलेजात ड्राइव्ह असेल तर, तेही नेहमी नाही. पूलमध्ये कंपनी बहुतेकदा एकत्र यादी यजमान कॉलेजच्या टीपीओंना देते. ते कॉलेजवार वेगळी करून पुढे पाठवतात, आणि बऱ्याचदा ती तिथेच पडून राहते. कधी कंपनीतच जागांची मंजुरी अडते. मग पक्की नावंही थांबतात आणि वेटिंगचीही.

एचआरला लिहू नकोस. दहा मुलांनी मेल केले की त्या तुमच्या टीपीओंनाच फोन करतात, आणि पुढच्या वर्षी त्या कॉलेजला बोलावताना ते आठवतं. आपल्या टीपीओंना मेल कर: ड्राइव्हची तारीख, पद, नोंदणी क्रमांक, शेवटचा दिलेला राउंड. मग एकच विचार, 'शुक्रवारी नोंदणी बंद होतेय, यादी आली नसेल तर मी चाकणला बसू शकते का?' नुसतं 'निकाल कधी' विचारलं तर 'कळवू' एवढंच उत्तर येतं. तारीख दिसली की ते यजमान कॉलेजला फोन लावतात.

एका ऑफरचा नियम साधारणपणे निकाल जाहीर झाल्यावर लागतो, वाट बघताना नाही. तरी वर्षाच्या सुरुवातीला सही केलेला फॉर्म वाच, काही कॉलेजांत वेगळं असतं.

नऱ्हे_आंबेगाव: मलाही असंच झालं. सिलेक्शनचा मेल आला, पण त्यात अनामत रक्कम मागितली होती. भरू का?

माजी_प्लेसमेंट_सेल: अजिबात नको. खरी कंपनी नोकरीसाठी पैसे मागत नाही. मेलचा पत्ता कंपनीच्या डोमेनचा आहे का बघ आणि टीपीओंना दाखव. जमलं तर वेगळा धागा काढ.

मेकॅनिकल_शेवटचं_वर्ष: सर, खूप आभार. तुम्ही सांगितलं तसा मेल केला. टीपीओ सरांनी यजमान कॉलेजला फोन लावला: कॉम्प्युटर-आयटीची यादी आलीय, मेकॅनिकलची कंपनीकडेच थांबलीय. चाकणला बसायला लेखी परवानगी मिळाली, नावही दिलं. आता एकच शंका. दोन्हीकडे निवड झाली आणि चाकणचा निकाल आधी लागला, तर पहिल्या कंपनीचं काय? फॉर्ममध्ये याबद्दल काहीच लिहिलेलं नाही. कुणाच्या कॉलेजात असं झालंय का?