मदत हवी आहे: पिदानमधलं एक अंडं आतून पातळ निघालं

मृण्मयी_सिंगापूर
इथल्या बाजारातून पिदानचा, म्हणजे क्षारात मुरवलेल्या बदकाच्या अंड्यांचा सहाचा खोका आणला. दोन छान निघाली: पांढरा भाग कोऱ्या चहाच्या रंगाची घट्ट, आरपार दिसणारी जेली, बलक हिरवट काळा. तिसऱ्यात मात्र तपकिरी पाणी. बोटांना बुळबुळीत लागलं, वास नाकात झोंबला. विस्तवावर न ठेवता ही जेली होते कशी? तिसरं कच्चं राहिलं की नासलं? जावेला दिवस गेलेत आणि तिलाही खायचंय, म्हणून विचारते.

रानवारा
चुन्याच्या लेपात ठेवतात ना, चुना तापतो, त्या उष्णतेने शिजतात. तुमचं कच्चं राहिलंय. आठ दिवस ठेवा, होईल.

सुगरण_७
मीही मिठाच्या पाण्यात अंडी घातली होती. पांढरं पातळच राहतं, उकडून घ्या.

क्षारपड
सुगरण, तुमची खारवलेली अंडी. ती उकडावीच लागतात. ही वेगळी.

रानवारा, कळीचा चुना भिजवताना तापतो हे खरं, पण लेप गार झाल्यावरही काम कित्येक आठवडे चालू असतं. हल्ली बहुतेक अंडी कॉस्टिक सोडा, मीठ आणि चहाच्या पाण्यात बुडवतात, तिथे आच नसतेच. क्षार कवचाच्या छिद्रांतून झिरपतो, प्रथिनांच्या घड्या उलगडतात आणि त्यांचं बारीक जाळं होऊन पाणी त्यात अडकतं. उकडल्यावर जाडसर गोळे होतात म्हणून पांढरं अपारदर्शक दिसतं; इथे जाळं बारीक, म्हणून आरपार. अंड्यातली थोडी साखर प्रथिनांशी जुळून तपकिरी रंग येतो.

पण क्षार आत येतच राहिला तर तेच जाळं तुटतं आणि जेलीचं पुन्हा पाणी होतं. म्हणून द्रावणात पूर्वी शिशाचं ऑक्साइड घालत, आता तांब्याची किंवा जस्ताची संयुगं घालतात. अंड्यातल्या गंधकाशी जुळून ती छिद्रं बुजवतात. मृण्मयी, बुळबुळीत आणि झोंबणारं म्हणजे बहुधा जास्त मुरलेलं. ठेवून सुधारणार नाही, टाकून द्या.

मृण्मयी_सिंगापूर
खोक्यावर 'शिसं नाही' छापलंय. मग जावेला चालेल?

क्षारपड
त्याचा अर्थ शिसं घालून बनवलेलं नाही. अंश शून्य असेलच असं नाही, आणि शिजवून शिसं जात नाही. गरोदरपणात मी टाळायलाच सांगेन, डॉक्टरांनाही विचारा. तांबंही खाण्याच्या दर्जाचंच हवं. २०१३ मध्ये चीनमधल्या नानछांगला कारखान्यांत औद्योगिक मोरचूद वापरल्याचं उघड झालं आणि ३० कारखाने बंद केले गेले. इतरांसाठी, एवढ्या क्षारात साल्मोनेला सहसा टिकत नाही, पण सोलल्यावर हाताचे जंतू लागतात. सोललेलं फ्रिजमध्ये ठेवा, त्याच दिवशी संपवा. उरलेली तळहातावर हलकेच उडवून झेला. चांगलं अंडं आतून थरथरतं. तडा गेलेलं घेऊ नका.

मृण्मयी_सिंगापूर
दोन थरथरली. एक ना थरथरत ना आत पाणी हलल्याचं कळत, कवच धड आहे. हे बलकापर्यंत घट्ट झालं असेल का?

रानवारा
फोडून बघा आणि फोटो टाका.