मॅनेजरचा कंपू: विश्वास कमावलेला की आयता मिळालेला?

रोखठोक: प्रत्येक टीममध्ये मॅनेजरची दोन-चार भरवशाची माणसं असतातच. काम करून कमावलेला विश्वास असतो तो. बाकीच्यांनी 'कंपूशाही' म्हणून गळा काढण्यापेक्षा कामं करून दाखवावीत.

निरीक्षक: आधी काम आणि मग विश्वास, हा क्रमच तपासा. लिडेन, वेन आणि स्टिलवेल या संशोधकांनी १९९३ साली नव्या मॅनेजर-कर्मचारी जोड्यांचा सहा महिने माग काढला. पहिल्या पाच दिवसांत एकमेकांकडून असलेल्या अपेक्षा, पुढे वाटलेली आपुलकी आणि 'हा माझ्यासारखा आहे' ही भावना, यांवरून नातं कसं होणार याचा अंदाज येत होता. कंपू ठरतो तेव्हा दाखवण्यासारखं काम अनेकदा झालेलंच नसतं.

नऊ जणांची टीम घ्या. नव्या मॅनेजरकडे पहिल्याच आठवड्यात एक तातडीचं, चाकोरीबाहेरचं काम येतं. ते दोघांना मिळतं, कारण ते समोर असतात आणि लगेच हो म्हणतात. काम समजावताना मॅनेजर त्यांना आतली गोष्टही सांगतो: ग्राहक का चिडलाय, वरच्यांना काय हवंय. पुढच्या वेळी या दोघांना दहा मिनिटांत समजतं, इतरांना तासभर लागेल. मग काम पुन्हा त्यांच्याकडेच. प्रत्येक निर्णय सुटा पाहिला तर शहाणपणाचाच. सहा महिन्यांनी उरलेल्या सातांना काय करायचं ते कळतं, का करायचं ते कळत नाही, म्हणून चुका होतात. त्या चुका पाहून मॅनेजर म्हणतो, 'बघा, मी म्हणत होतो ना!'

रोखठोक: म्हणजे डेडलाइन सोडून समता वाटत बसायची?

जुनाखोड: विषय सरळ आहे हो, चमचेगिरी! एकाच कॉलेजची, एकाच वयाची माणसं एकमेकांना धरून असतात.

निरीक्षक: त्याच पाहणीत वय, शिक्षण यांसारख्या बाबींतल्या साम्याचा ठळक परिणाम दिसला नाही. *वाटणाऱ्या* साम्याचा दिसला. म्हणून चमचे शोधून हा प्रश्न सुटत नाही. आतले दोघे बहुधा प्रामाणिक आणि कामाने पिचलेले असतात.

जुनाखोड: पिचलेले! आणि वार्षिक मूल्यमापनाच्या बेल कर्वमध्ये, जिथे प्रत्येक श्रेणीच्या जागा मोजूनच दिलेल्या असतात, वरची श्रेणी कोणाला जाते? नऊ जणांत एकच जागा, ती आधीच ठरलेली. खरं दुखणं बेल कर्व आहे, तुमचं संशोधन नाही.

आकडेवाला: नऊ जणांवर बेल कर्व लादणं हेच चूक. इतक्या लहान गटात तो आकार दिसेलच असं नाही.

जुनाखोड: हे एचआरला सांगा. आमच्याकडे 'सरासरी'चा शिक्का दोनदा बसला की बढतीच्या यादीतून नाव गळतं.

रोखठोक: बेल कर्व काढला की सगळेच उत्कृष्ट. मग मॅनेजर पगारवाढ वाटणार कशी? चिठ्ठ्या टाकून?

आकडेवाला: चिठ्ठ्या निदान निःपक्ष तरी असतील. श्रेणी ठरवण्याच्या बैठकीत मॅनेजर ज्याची बाजू मांडू शकतो तो जिंकतो, आणि मांडायला किस्से आतल्यांचेच असतात. बाकीच्यांचं काम त्याने जवळून पाहिलेलंच नसतं.

निरीक्षक: हे मात्र मुद्द्याचं. बेल कर्व दरी पाडत नाही, पडलेल्या दरीवर शिक्का मारतो.

सरळमार्गी: उपाय सोपा आहे. मॅनेजरने सगळ्यांशी अगदी सारखं वागावं.

निरीक्षक: अर्धं बरोबर. कौशल्य वेगळं तर काम वेगळं मिळणारच, आणि फरकाचं कारण पटलं तर लोक तो बऱ्यापैकी सोसतात. सारखी हवी ती पहिली संधी आणि माहिती. ग्रेन आणि सहकाऱ्यांनी १९८२ साली मॅनेजरना हेच शिकवून पाहिलं: प्रत्येकाशी स्वतंत्र बसा, अडचणी ऐका, अपेक्षा बोलून घ्या. त्याच प्रयोगाच्या १९८४ च्या विश्लेषणात सर्वांत जास्त सुधारले ते आधी बाहेर असलेले. 'त्यांच्यात दमच नव्हता' हे मग कुठे बसतं?

रोखठोक: बरं, मान्य. चाळीस वर्षांपूर्वीच्या एका प्रयोगापुरतं. पण कंपू आहे की नाही, हे मॅनेजरलाच विचारा ना.

निरीक्षक: तिथेच फसाल. एकाच नात्याबद्दल मॅनेजर आणि कर्मचारी काय सांगतात, यांतला सहसंबंध गर्स्टनर आणि डे यांच्या १९९७ च्या एकत्रित विश्लेषणात ०.३ च्या आसपास, म्हणजे बराच कमी निघाला. त्यापेक्षा चाकोरीबाहेरची शेवटची बारा कामं लिहून काढा, प्रत्येकापुढे ती कोणाला दिली ते नाव. नऊ जणांत बारापैकी दहा कामांपुढे तीच दोन नावं आली तर कारण विचारा. 'त्यांना आधीपासून माहीत होतं' हे उत्तर आलं, तर दरी माहितीची आहे. ती पार्श्वभूमी सगळ्यांना लेखी द्या आणि पुढचं कमी जोखमीचं काम तिसऱ्याला.

जुनाखोड: आणि तिसऱ्याने ते बिघडवलं तर पुन्हा त्याच दोघांकडे. लिहून ठेवा.

निरीक्षक: होऊ शकतं. एकट्या कामावरून निकाल लावू नका, दोन-तीन द्या. वेळ नसेल तर हा उपाय अडतो, हे खरं.

रोखठोक: वेळ कधीच नसतो, साहेब. आणि तुमच्या यादीत त्या पिचलेल्या दोघांचं काय करायचं, तेही कुठे आलं नाही.