दहावी भूमिती: जुन्या पेपरांवरून पॅटर्न काढावा का?

पारोळ्याची ताई
माझा भाऊ दहावीला आहे, मराठी माध्यम. क्लासमध्ये भूमितीचे मागचे पेपर देऊन ‘हेच फिरून फिरून येतं, एवढंच करा’ असं सांगितलंय. शाळेतले सर म्हणतात, आधी पुस्तक, पेपर नंतर. त्याने ते पेपर सोडवलेत, पण नवा पेपर पुढे आला की ओळखीचा वाटणारा प्रश्नच चुकतो. जुने पेपर कसे वापरायचे? की वापरूच नयेत?

तापीकाठ, भुसावळ
मी क्लास घेतो, तेव्हा माझं मत उघड आहे. वापरा, आणि दिवाळीनंतर लगेच सुरू करा. या पुस्तकावरची पहिली बोर्ड परीक्षा मार्च 2019 ची. मार्च 2020 पासून पेपरचा सांगाडा ठरलेला आहे: 40 गुण, दोन तास, पहिल्या प्रश्नात एकेका गुणाचे पर्याय आणि छोटी उदाहरणं, दुसऱ्या-तिसऱ्यात कृती पूर्ण करा आणि दोन-तीन गुणांची उदाहरणं, चौथ्यात चार गुणांची, पाचव्यात तीन गुणांचं एक वेगळं उदाहरण. प्रकरणं सातच. मार्चचे आणि जुलैचे पेपर घेऊन कोणत्या प्रकरणाला किती गुण आले ते मांडा. ज्याचं वजन जास्त त्याला जास्त वेळ द्या. कमी वजनाचं शेवटी, वेळ उरला तर. प्रमेयाच्या सिद्धता, वर्तुळाच्या स्पर्शिकांच्या रचना, ‘सिद्ध करा’वाली त्रिकोणमितीची नित्यसमीकरणं हे येतंच. मुलाला आधी खात्रीचे गुण मिळू द्या, मग त्याला विषयाची गोडी लागते.

पांझराकाठ, धुळे
तापीकाठ, सांगाड्याबद्दल तुमचं बरोबर आहे. पण प्रकरणवार गुण मोजण्यात तीन अडचणी आहेत. मी अनेक वर्षं भूमिती शिकवली आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिली अडचण हिशेबाची. छापलेल्या पेपरात 60 गुणांचे प्रश्न असतात, सोडवायचे 40 चे. ‘तीनपैकी कोणतेही दोन’, ‘चारपैकी कोणतेही दोन’ यांतून तो फरक पडतो. वर्तुळाला 12 गुण आले असं लिहिताना ते 60 पैकी आहेत हे विसरलं, तर त्या प्रकरणाचं वजन फुगवून दाखवलं जातं. मुलगा त्यातले निम्मे प्रश्न पर्यायात सोडून देऊ शकतो.

दुसरी अडचण वर्षांची. 2021 ची लेखी परीक्षा कोविडमुळे झालीच नाही, आणि 2022 ची कमी केलेल्या अभ्यासक्रमावर झाली. त्या वर्षीच्या पेपरात एखादा घटक दिसला नाही, म्हणजे बोर्डाने तो टाळला असं नाही. तो वगळलेला होता, एवढंच. हा पेपर इतरांच्या पंगतीत मोजू नका, वेगळा ठेवा.

तिसरी अडचण खरी आहे, आणि ताईंच्या भावाचं दुखणं मला तिच्यातच दिसतं. मुलं प्रश्न दिसतो कसा यावरून त्याला ओळखतात. तो तपासतो काय, हे बघत नाहीत. ‘क्षेत्रफळांचे गुणोत्तर काढा’ हे शब्द घ्या. एकच आकृती काढा: त्रिकोण ABC, AB वर D, AC वर E, रेख DE ∥ बाजू BC, आणि AD : DB = 2 : 3. आता चार प्रश्न विचारा.

A(△ADE) : A(△ABC) किती? दोन्ही त्रिकोण को-को कसोटीने समरूप. संगत भुजा AD : AB = 2 : 5, म्हणून वर्ग करून 4 : 25.

A(△ADE) : A(□DBCE) किती? तोच 4 : 25, पण 25 मधून 4 वजा करायचे. 4 : 21.

A(△ADE) : A(△BDE) किती? इथे समरूपता नाहीच. E पासून AB वर टाकलेली उंची दोघांना सारखी, म्हणून क्षेत्रफळं पायांच्या प्रमाणात, 2 : 3. वर्ग नाही.

A(△BDE) : A(△BEC) किती? पाया DE आणि BC, दोघांचीही उंची त्या दोन समांतर रेषांमधलं अंतर. म्हणून DE : BC, म्हणजे 2 : 5. इथेही वर्ग नाही.

ताळा करून बघा: 4, 6 आणि 15, बेरीज 25.

जुन्या पेपरात पहिला प्रश्न दोन-तीनदा भेटलेला मुलगा तिसऱ्या प्रश्नालाही 4 : 9 लिहून मोकळा होतो. तपासणाऱ्याला ते लगेच कळतं, कारण उत्तरात वर्ग असतो आणि समरूपतेचं कारण कुठेच लिहिलेलं नसतं. भावाच्या चुकलेल्या पेपरात असा कारणाविना वर्ग दिसतोय का, तेवढं आधी बघा.

शहाद्याचा बाप
सर, बठ्ठं खरं शे, पण आमचं वेगळं. माझ्या पोराची कापूस वेचणीत शाळा बुडाली. समरूपता आणि पायथागोरस तो वर्गात बसून शिकलाच नाही. आता हातात दोन महिने. त्याने पुस्तक करावं की पेपर? बाजारात उत्तरांसकट पेपरसंच मिळतो, तो आणू का?

पांझराकाठ, धुळे
भाऊ, तुमच्या पोराला पॅटर्न शोधायला लावू नका. जे शिकलंच नाही त्याचा पॅटर्न दिसत नाही, नुसती आकृती पाठ होते. त्याने ही दोन प्रकरणं पुस्तकातल्या सोडवलेल्या उदाहरणांवरून करावीत. समरूपता आधी, कारण पायथागोरसच्या प्रमेयाची पुस्तकातली सिद्धता समरूप त्रिकोणांवरच उभी आहे. एका सरावसंचातली पहिली काही उदाहरणं जमली, की त्याच धर्तीचा पेपरातला एखादा प्रश्न द्या. संच आणलात तर उत्तरांची पानं तुमच्याजवळ ठेवा.

चोपड्याच्या बाई
मी शाळेत शिकवते आणि मला हा सगळा खटाटोपच पटत नाही. सर, तुमची आकृती सुंदर आहे, पण ती तुम्हाला सुचली ती भूमिती येते म्हणून. पेपर चाळून सुचली नाही. मुलांच्या हाती जुने पेपर दिले, की ‘हा प्रश्न कितव्यांदा आला’ एवढंच त्यांना दिसतं. माझ्या वर्गात मी बघते: ‘स्पर्शिका’ शब्द वाचला की मूल स्पर्शिकाखंडाचं प्रमेय लिहायला घेतं, प्रश्न पुरा वाचतच नाही. ही सवय पेपरांनीच लावली आहे. आणि पाचव्या प्रश्नात दोन प्रकरणं एकत्र येतात, तिथे कोणता पॅटर्न कामाला येणार? पुस्तकातले सरावसंच आणि संकीर्ण प्रश्नसंग्रह नीट केले तर पेपराची गरज फक्त शेवटी, घड्याळ लावून लिहायला.

तापीकाठ, भुसावळ
बाई, सगळे संकीर्ण प्रश्न करणारी मुलं वर्गात किती असतात? माझ्याकडे येणाऱ्यांना सकाळी केळीच्या बागेत काम असतं, नाहीतर एसटीने तास-दीड तास प्रवास असतो. त्यांना निवड करावीच लागते. निवड अंदाजाने करण्यापेक्षा पेपर बघून केलेली बरी. मात्र 60 आणि 40 चा मुद्दा मला मान्य आहे. माझा तक्ता मी बदलेन.

पांझराकाठ, धुळे
बाईंचा स्पर्शिकेचा अनुभव मलाही आहे. पण मी त्याचा दोष पेपरांना देत नाही, पेपर एकेक करून सोडवण्याला देतो. पाच पेपर एकामागून एक सोडवले तर पाच वेगळे अनुभव मिळतात, तुलना होत नाही. म्हणून मी सोडवायला न देता आधी फोडायला देतो.

प्रत्येक प्रश्न एका कागदी पट्टीवर लिहायचा. मागे तीनच गोष्टी: दिलंय काय, विचारलंय काय, आणि कुलूप कोणत्या प्रमेयाने उघडलं. प्रकरणाचं नाव लिहायचं नाही. सगळ्या पेपरांच्या पट्ट्या झाल्या की तिसऱ्या गोष्टीवरून ढीग करायचे. मग दिसतं, की ‘O केंद्र असलेल्या वर्तुळाला बाह्यबिंदू P मधून दोन स्पर्शिका PA आणि PB, कोन APB 60°, त्रिज्या 5, तर OP किती’ ही पट्टी वर्तुळाच्या ढिगात एकटी बसत नाही. OA ही PA ला लंब, OP मुळे कोनाचे दोन समान भाग होऊन 30° राहतो, आणि 30°-60°-90° त्रिकोणात 30° समोरची बाजू कर्णाच्या निम्मी, म्हणून OP = 10. वर्तुळाचं प्रमेय पाठ असलेलं मूल इथे अडतं ते 30°-60°-90° वर. अशी पट्टी दोन ढिगांत लिहायची, म्हणजे दोन नकला करायच्या. बाई, पाचव्या प्रश्नाला मी असंच सामोरा जातो. त्यात दोन कुलपं असतात, पण एकेकटी ती आधीच्या प्रश्नांत येऊन गेलेली असतात.

आणि एक पेपर, शक्यतो सर्वांत नवा, बाजूला ठेवायचा. ढीग झाल्यावर तो उघडून काहीही न सोडवता प्रत्येक प्रश्नासमोर फक्त प्रमेयाचं नाव लिहायचं. नंतर सोडवून ताळा घ्यायचा. नाव चुकलं तर ओळख कच्ची, नाव बरोबर पण उत्तर चुकलं तर आकडेमोड किंवा मांडणी कच्ची. दोघांचा उपाय वेगळा आहे.

चोपड्याच्या बाई
बाजूला ठेवलेल्या पेपराची कल्पना मी वर्गात करून बघेन. पण पट्ट्या मुलांनी करायच्या की शिक्षकाने? ज्याला प्रमेय ओळखता येत नाही तो तिसरी गोष्ट चुकीची लिहिणार, ढीग चुकीचा होणार, आणि तो चुकीचा ढीगच पक्का बसणार. मुलांच्या हाती हे देणं मला अजूनही धोक्याचं वाटतं. शिवाय पाचवा प्रश्न नेहमी दोन जुन्या कुलपांचाच असेल, हे मी मानायला तयार नाही.

पांझराकाठ, धुळे
पाचव्याबद्दल तुम्ही म्हणता ते नाकारत नाही, तिथे खात्री कुणीच देऊ शकत नाही. पट्ट्या मात्र मुलानेच लिहाव्यात, शिक्षकाने दर पेपरानंतर ढीग तपासावेत. मी लिहून दिलेल्या पट्ट्या मुलं पाठ करतात, हे मी बघितलंय.

पारोळ्याची ताई
काल रात्री सरांची आकृती भावाला दिली. पहिले दोन्ही प्रश्न बरोबर. तिसऱ्याला 4 : 9 च लिहिलं, आणि कारण विचारल्यावर म्हणाला, ‘क्षेत्रफळ आलं की वर्ग करायचा असतो ना?’ त्याचे जुने पेपर काढून बघितले, दोन ठिकाणी हीच चूक सापडली. क्लासच्या वहीत समान उंचीच्या त्रिकोणांचं एकही उदाहरण नाही, पुस्तकात मात्र समरूपतेच्या प्रकरणाची सुरुवातच त्यापासून आहे. तो पहिला सरावसंच आजपासून घेतोय, पट्ट्या त्यानंतर. बाई, ढीग तपासायला घरात गणिताचं कुणी नसेल, तर आठवड्यातून एकदा शाळेतल्या सरांना दाखवले तर चालेल का, की तेवढ्या दिवसांत चुकीचं पक्कं होईल?