अनुभव धागा : पत्राचा सूर नेमका कुठे घसरतो?

गंगापूररोडकर
भाची परिचारिका असून कॅनडाला जाण्यासाठी आयईएलटीएसच्या जनरल ट्रेनिंग या इंग्रजी परीक्षेची तयारी करत आहे. त्यात इंग्रजीतून एक पत्र लिहायचे असते. काल तिची सरावाची वही चाळताना शाळेतले पत्रलेखन आठवले, कारण तेव्हाही आमच्या वर्गात मामाला लिहिलेले पत्र तिसऱ्या ओळीपासून मुख्याध्यापकांना केलेल्या अर्जासारखे वाटू लागत असे. भाचीच्या वहीतही तेच दिसले. प्रश्न असा होता, की मैत्रिणीच्या घरी राहून परतल्यावर आपले जाकीट तिथेच विसरल्याचे लक्षात येते. तर पत्रात पाहुणचाराबद्दल आभार मानावेत, जाकीट कसे आहे व कुठे राहिले ते सांगावे आणि ते परत कसे मिळावे हे सुचवावे. आभाराचा परिच्छेद अगदी मोकळा उतरला होता. जाकिटाच्या वर्णनापर्यंतही ठीक होते. मात्र पुढे ‘आय वुड बी ग्रेटफुल इफ यू कुड अरेंज टू डिस्पॅच द सेम’ असे वाक्य आले आणि शेवटी ‘युअर्स फेथफुली’! आपल्या अनुभवात सूर कुठे बदलतो आणि तो बदललेला स्वतःच्या लक्षात कसा येतो, हे कृपया लिहावे.

पंचवटीची शिकवणी
मी ही परीक्षा शिकवते, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. सूर सुरुवातीला क्वचितच चुकतो. पत्र कोणाला लिहायचे हे प्रश्नातच दिलेले असते, आणि बहुतेक वेळा मायनाही छापून येतो. घसरण होते ती विनंती, तक्रार किंवा माफी यांच्या मुद्द्यावर, कारण मुलांनी विनंतीची वाक्ये अर्जांतूनच पाठ केलेली असतात. मैत्रिणीकडे काही मागायची वेळ आली, की हात आपोआप त्याच साठ्याकडे जातो.

भाचीचे ते वाक्य घ्या. ‘ग्रेटफुल इफ यू कुड’ आणि ‘डिस्पॅच’ ही दोन्ही रूपे कार्यालयीन आहेत, आणि जाकिटाला ‘द सेम’ म्हणणे ही तर आपल्याकडच्या कचेरीतली सवय आहे. हीच विनंती मैत्रिणीला ‘कुड यू पोस्ट इट टू मी? आय विल पे यू बॅक, ऑफ कोर्स’ अशी करता येते. यात सभ्यता कमी झालेली नाही. मागणी सरळ झाली आणि पैसे देण्याचे आश्वासन बोलण्यातल्यासारखे आले, एवढेच. शेवटी ‘लव्ह’ किंवा ‘बेस्ट विशेस’ आणि खाली फक्त पहिले नाव पुरते.

तपासण्यासाठी मी मुलांना एकच काम देते. पत्र लिहून झाल्यावर मायना, विनंतीचे वाक्य आणि समारोप ही तीन ठिकाणे तेवढी सलग वाचायची. ती एकाच माणसाने एकाच माणसाला लिहिलेली वाटली नाहीत, तर मधले वाक्य बदलायचे. वेळ वीस मिनिटांचा धरायचा असल्यामुळे संपूर्ण पत्र पुन्हा लिहिणे शक्य नसते. ही तीन वाक्ये मात्र दुरुस्त होतात.

सातपूरचा ऑपरेटर
ताई म्हणतात ते खरे आहे, पण माझे उलट झाले. सरावाचे पत्र घरमालकाला होते. थंडीत हीटर बंद पडला आहे, त्यामुळे काय त्रास होतो ते सांगायचे आणि काय करावे हे सुचवायचे. ‘डिअर मिस्टर’ आणि आडनाव, मग ‘आय ऍम रायटिंग टू इन्फॉर्म यू’ अशी सुरुवात नीट केली. त्रासाचे वर्णन करताना मात्र मलाच राग आला आणि ‘सॉर्ट इट आउट एएसएपी’ असे लिहून मोकळा झालो. सरांनी त्याभोवती लाल गोल काढला. कॅनडाच्या सीएलबी या भाषापातळीच्या मोजपट्टीवर नऊ मिळवण्यासाठी लेखनात सात बँड लागतात आणि सातच्या निकषात सूर सुसंगत व योग्य असावा असे स्पष्ट म्हटले आहे, म्हणून ही गोष्ट किरकोळ समजू नये.

सिडकोतली आई
माझ्या मुलाचे दहावीचे वर्ष आहे. त्याच्या पत्रात विषय मायन्याच्या आधी लिहावा की नंतर, यावर घरी रोज वाद होतो. शिवाय आजीला लिहिलेल्या पत्रात वर ‘तीर्थरूप आजीस साष्टांग नमस्कार’ आणि खाली ‘तू कधी येणार आहेस’ असे आहे. हे चालेल का?

पंचवटीची शिकवणी
ताई, हा धागा इंग्रजी परीक्षेचा आहे, तरी सांगते. मराठी औपचारिक पत्रात विषय आधी आणि ‘महोदय’ त्यानंतर, अशीच पद्धत मी पाहिली आहे. तरी शाळेने दिलेला नमुना प्रमाण माना. आजीचे म्हणाल, तर घरी तो तिला ‘तू’ म्हणत असेल तर ‘तू’ चुकीचे नाही; मात्र पुढच्याच ओळीत ‘आपण आशीर्वाद द्यावेत’ आले, की पत्र फाटते. आयईएलटीएसच्या पत्रात पत्ता लिहिण्याची गरज नसते, तशी सूचना प्रश्नातच असते.

देवळालीचा निवृत्त
एवढे अवघड करण्याचे कारण मला दिसत नाही. ‘डोन्ट’, ‘आयम’ अशी जोडरूपे टाळली की पत्र औपचारिक होते आणि वापरली की अनौपचारिक होते. आमच्या काळी हाच एक नियम पुरत असे.

सातपूरचा ऑपरेटर
काका, ‘सॉर्ट इट आउट एएसएपी’ यात एकही जोडरूप नव्हते.

देवळालीचा निवृत्त
मान्य. मग माझ्या नियमाला पुरवणी जोडावी लागेल.

पंचवटीची शिकवणी
काकांचा नियम अर्धा बरोबर आहे. ‘डिअर सर ऑर मॅडम’च्या पत्रात जोडरूपे खटकतात आणि मित्राच्या पत्रात ती अजिबात नसली तर पत्र ताठर वाटते. पण क्रियापदाची निवड आणि मागणी कशी मांडली आहे, यांचा परिणाम अधिक होतो. ऑपरेटरच्या वाक्याजागी ‘आय वुड अप्रिशिएट इट इफ यू कुड सेंड समवन टू रिपेअर द हीटर धिस वीक’ असे लिहिले, तर राग लपत नाही. ‘धिस वीक’मध्ये तो पुरेसा दिसतो आणि घरमालकाशी बोलण्याची रीतही सांभाळली जाते.

गंगापूररोडकर
घरमालकाच्या पत्रात एखादे जोडरूप आले तर गुण जातात का? भाचीच्या क्लासमध्ये ‘एकही नको’ असे सांगतात.

पंचवटीची शिकवणी
यावर शिक्षकांत एकमत नाही. नाव माहीत असलेल्या, पण मैत्री नसलेल्या माणसाच्या पत्रात मी एखादे चालवून घेते. माझ्या ओळखीचे एक सर ते खोडतात. मुलांना मी ते टाळायलाच सांगते, कारण टाळल्याने नुकसान काहीच होत नाही. फक्त ‘डिअर मिस्टर’ असेल तर शेवट ‘युअर्स सिन्सिअरली’ करा; ‘फेथफुली’ हे नाव माहीत नसताना वापरायचे असते.

सातपूरचा ऑपरेटर
आणि पत्राच्या मागे लागून निबंध राहू देऊ नका. दुसऱ्या भागाला पत्राच्या दुप्पट वजन असते. आमच्या पाळीतला एक जण पत्र घासूनपुसून लिहीत बसला आणि निबंध अर्धाच राहिला.

सिडकोतली आई
शेजारच्या काकूंना रात्रीच्या आवाजाबद्दल पत्र लिहायचे असेल, तर पहिले नाव की आडनाव? मुलाच्या इंग्रजीच्या पुस्तकात असेच काही आहे.

पंचवटीची शिकवणी
दोन्ही चालते, प्रश्नात ओळख कितपत सांगितली आहे ते पाहा. पहिले नाव घेतले असेल, तर ‘आय वुड लाइक टू लॉज अ कम्प्लेंट’ लिहू देऊ नका.