मदत हवी आहे: दिसत नसलेल्या रुग्णाला ड्रॉप्सच्या दोन सारख्या बाटल्या कशा ओळखता येतील?

रामबागची_मेडिकलवाली

इंदूरला रामबागेत आमचं मेडिकल आहे, मी फार्मासिस्ट आहे. नेहमी येणारे एक काका आहेत, सत्तरी ओलांडलेले. काचबिंदूने उजवा डोळा पूर्ण गेला, डाव्याने अगदी समोरचं तेवढं दिसतं, नळीतून पाहावं तसं. मधुमेहही जुना आहे. आजवर ड्रॉप्स काकू घालायच्या, पण त्या पडल्या आणि हात प्लास्टरमध्ये आहे. मुलगा पुण्याला.

डाव्या डोळ्यासाठी दोन ड्रॉप्स आहेत: टिमोलोल सकाळ-संध्याकाळ आणि लॅटानोप्रोस्ट फक्त रात्री झोपताना. दोन्ही बाटल्या पांढऱ्या, एकाच उंचीच्या, झाकणंही हाताला सारखीच लागतात. काका म्हणाले, "पोरी, मी वास घेऊन पाहिला, त्यातही फरक नाही."

डोक्यात तीन गोष्टी आहेत: ब्रेल लेबल, मोठ्या अक्षरांची चिठ्ठी, किंवा फोन टेकवला की बोलणारं स्टिकर. काकांकडे साधा अँड्रॉइड आहे, मुलाने पडद्यावरचं वाचून दाखवणारं टॉकबॅक सुरू करून दिलंय. कुणी प्रत्यक्ष असं औषध दिलं असेल तर सांगा.

दवाबाजार_दादा

ताई, २०२३च्या ऑगस्टपासून औषधांवर क्यूआर कोड सक्तीचा झालाय. काकांना स्कॅन करायला शिकवा, फोन वाचून दाखवेल. नाहीतर बाटलीवर रबरबँड चढवा: सकाळच्या बाटलीला एक, रात्रीच्या बाटलीला दोन. सोपं काम आहे.

बडोद्याची_सुलभा

दादा, ती सक्ती ठरावीक ३०० ब्रँडपुरतीच आहे. शिवाय त्या कोडमधून औषधाचं नाव, बॅच, एक्स्पायरी कळते. कुणी, कधी, किती थेंब घालायचे हे त्यात नसतंच. आणि ज्याला दिसत नाही त्याने खोक्यावर कोड कुठल्या बाजूला आहे ते कसं शोधायचं?

रबरबँडची कल्पना चांगली आहे, पण खुणेचा अर्थ वेळेशी जोडू नका. टिमोलोल दोनदा घालायचंय. म्हणजे दोन बँड "दोनदा" की "रात्री"? शिवाय डॉक्टरांनी वेळ बदलली की खूण खोटी ठरते. खूण औषधाची असू द्या, वेळ काकांच्या लक्षात राहते.

मी बडोद्यात डोळ्यांच्या दवाखान्यातल्या औषध काउंटरवर बरीच वर्षं आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहिते. काकांना ब्रेल येतं का? उतारवयात दृष्टी गेलेल्यांना बहुधा येत नाही. त्यात जुन्या मधुमेहाने बोटांची संवेदना कमी झालेली असू शकते, मग ब्रेलचे बारीक ठिपके येणाऱ्यालाही लागत नाहीत. आधी डोळे मिटून घ्यायला सांगा आणि त्यांना काय ओळखता येतं ते हातात देऊन पाहा. फरक ढोबळ हवा.

एकाच बाटलीवर खूण करून दुसरी कोरी ठेवू नका. खूण गळून पडली तर दोन्ही कोऱ्या होतात आणि काकांना ते कळणारही नाही. दोन्हींवर करा, पण वेगळ्या जातीची: एकीला जाड रबरबँड, दुसरीला खरखरीत कापडी चिकटपट्टीचे दोन वेढे. मग कोरी बाटली हाती आली की काहीतरी बिघडलंय हे लगेच समजतं. आणि खूण बाटलीच्या अंगावरच, झाकणावर कधीच नाही. झाकणं अदलाबदल होतात. बॅच आणि एक्स्पायरी झाकली जाणार नाही तेवढं बघा.

संध्या_लोकमान्यनगर

माझ्या आईलाही कमी दिसतं. मी सात खणांचा डबा आणलाय, प्रत्येक वाराला वेगळा रंग, गोळ्या मीच भरते. रंगांमुळे तिला मुळीच अडचण येत नाही. काकांना तसा डबा का नाही देत?

रामबागची_मेडिकलवाली

संध्याताई, काकांचा प्रश्न गोळ्यांचा नाही, ड्रॉप्सचा आहे. गोळ्या काकू डाव्या हाताने काढून देतात. आणि रंग त्यांना ओळखू येत नाहीत.

सुलभाताई, आज काका दुकानात आले होते. ब्रेल येत नाही. टिकलीवरचा छोटा खडा त्यांच्या बोटाला कळलाच नाही, चिकटपट्टी आणि रबरबँड मात्र लगेच ओळखले. फोनचं स्टिकर अडलं. NTAG213 या स्वस्त टॅगमध्ये १४४ बाइट मावतात, पण देवनागरीतलं प्रत्येक अक्षर आणि मात्रा तीन-तीन बाइट खाते, म्हणजे पंचेचाळीसेक चिन्हं. एक छोटी सूचना कशीबशी बसेल. पण मुळात काकांच्या फोनमध्ये असा टॅग वाचणारं एनएफसीच नाही.

बडोद्याची_सुलभा

मग आवाजाचं काम साध्या रेकॉर्डिंगने करा. प्रत्येक औषधाची वेगळी फाइल, तुमच्या आवाजात: "रबरबँडवाली बाटली, टिमोलोल, डाव्या डोळ्यात एक थेंब, सकाळी आणि संध्याकाळी. अमुक तारखेला उघडली, अमुक तारखेला टाकून द्या." खूण आधी, नाव नंतर, कारण ते ऐकतील तेव्हा बाटली हातात असेल. टाकायची तारीख नक्की घाला. ड्रॉप्स उघडल्यावर महिनाभरच वापरायचे असतात आणि ही तारीख त्यांना दुसरीकडून कळायची नाही. लॅटानोप्रोस्टच्या खोक्यावर कंपनीने किती आठवडे दिलेत तेही बघा.

मोठ्या अक्षरांच्या बाबतीत एक चूक फार होते. जेवढं मोठं तेवढं बरं, असं समजून पानभर अक्षर छापतात. ज्यांचं मधलं दिसणं गेलंय त्यांना ते चालतं. पण काकांची नजर नळीसारखी आहे. अक्षर अति मोठं केलं तर एका नजरेत दोन-तीनच बसतात आणि शब्द जुळत नाही. त्यांच्यासमोर १६, २० आणि २८ पॉइंटच्या चिठ्ठ्या धरा, जी सलग वाचतील ती घ्या. जाड ठसा, काळी शाई, मॅट कागद. चकचकीत कागदावर उजेड परावर्तित होतो. आकडे लिहू नका, "एक थेंब" असं अक्षरी लिहा.

रात्रीची बाटली फ्रीजच्या दारातच राहू द्या. न उघडलेलं लॅटानोप्रोस्ट २ ते ८ अंशांतच ठेवतात. उघडल्यावर २५ अंशांपर्यंत बाहेर चालतं, पण इंदूरच्या मे महिन्यात ते कुठून मिळणार? याचा दुहेरी फायदा आहे: जागाच खूण होते, आणि गार थेंब डोळ्यात पडला की गालावर पडला हे जाणवतं. नाहीतर दिसत नसलेला माणूस शंकेने दुसरा थेंब घालतो.

दवाबाजार_दादा

अदलाबदल झालीच तर एवढं बिघडतं का? दोन्ही दाबच कमी करतात.

बडोद्याची_सुलभा

बिघडतं. लॅटानोप्रोस्ट दिवसातून एकापेक्षा जास्त वेळा घातलं तर उलट परिणाम कमी होऊ शकतो. टिमोलोल अंगात शोषलं जातं, नाडी मंदावते, आणि दमेकऱ्याला ते द्यायचंच नसतं. ताई, काकांना दम्याचा त्रास नाही ना?

रामबागची_मेडिकलवाली

नाही, विचारून घेतलं. आज काकांच्या हातात दोन्ही बाटल्या उलटसुलट करून दिल्या आणि कुठली कधी ते विचारलं. दर वेळी बरोबर सांगितलं. चिठ्ठी २० पॉइंटची वाचली, २८च्या चिठ्ठीत शब्द तुटत होते. संध्याकाळी दोन्ही जवळजवळ आल्या तर मध्ये निदान पाच मिनिटं जाऊ द्यायची, हेही रेकॉर्डिंगमध्ये घातलं.

एक गोष्ट मात्र सुटलेली नाही. पुढच्या महिन्यात बाटली संपेल. काका पुण्याला मुलाकडे गेले आणि तिथल्या दुकानातून कोरी बाटली आली, किंवा वेगळ्या आकाराचा ब्रँड मिळाला, तर खूण कोण करणार? घरी कुणी जुनी खूण काढून चुकीच्या बाटलीवर चढवली तर?

बडोद्याची_सुलभा

यावर पक्का उपाय माझ्याकडेही नाही. आमच्याकडे नवी बाटली देताना जुनी मागून घेतो, तिची खूण कापून टाकतो आणि नव्या बाटलीवर ताजी चढवतो. खूण घरी हलवायची नाही हेही बजावतो. मुलाला आधीच फोन करा, चिठ्ठीचा फोटो पाठवा आणि दोन रबरबँड व पट्टीचा तुकडा काकांच्या पिशवीत ठेवा. पण पुण्याचा दुकानदार तसं करेलच, हे आपण कसं सांगणार?

संध्या_लोकमान्यनगर

आई आता म्हणते, एका वाराची गोळी दुसऱ्याच वाराच्या खणात सापडली. डबा मीच भरला होता. खणांवर पट्टी लावली तर चालेल का, की आधी तिच्या बोटांना काय कळतं ते बघायचं?