प्रकल्प संपला, आता मीटिंगची रेकॉर्डिंग्ज उडवायची का?

मेघना: पुण्यात आमची नऊ जणांची सॉफ्टवेअर कंपनी आहे. नाशिकच्या एका द्राक्ष निर्यातदाराच्या शीतगृहाची साठा-नोंद करायचं काम अकरा महिने चाललं आणि मार्चमध्ये संपलं. शेवटच्या बिलाचे पैसेही आले. झूमच्या क्लाउडवर ४६ मीटिंगची रेकॉर्डिंग्ज, चॅटच्या फायली आणि ट्रान्स्क्रिप्ट पडून आहेत. भागीदार म्हणतो राहू दे, कधी काय लागेल सांगता येत नाही. मला ते उडवावंसं वाटतं. तुम्ही काय कराल?

श्रीपाद: अजिबात उडवू नका. दोन वर्षांपूर्वी आमच्या एका ग्राहकाने साडेतीन लाख अडकवले होते. म्हणे बारकोडचं काम मूळ ठरावातच होतं. मी जुनं रेकॉर्डिंग काढलं. २७व्या मिनिटाला त्यांचाच व्यवस्थापक म्हणतो, "बारकोडचं वेगळं बघू, त्याचे पैसे वेगळे देऊ." तो तुकडा पाठवला आणि पंधरवड्यात पैसे जमा झाले. करारभंगाचा दावा तीन वर्षांपर्यंत लावता येतो. तेवढे दिवस तरी हात लावू नका. जागेचे पैसे वाचवायला जाल आणि मोठा दावा गमवाल.

रोहन: यात एवढा विचार कसला? होस्टने डिलीट मारलं की सगळ्यांकडचं जातं. लिंकसुद्धा बंद होते.

अनघा: रोहन, लिंक बंद होते हे खरं, पण गोष्ट तिथे संपत नाही. झूममध्ये उडवलेलं रेकॉर्डिंग आधी Trash मध्ये जातं आणि तिथे ३० दिवस राहतं. तोवर त्याचा होस्ट किंवा खात्याचा ॲडमिन ते परत आणू शकतो. ज्याने आधीच उतरवून घेतलंय त्याची प्रत तर त्याच्याकडेच राहते.

चॅटचं प्रकरण याहून वाईट. मीटिंग चालू असताना सहभागींना चॅट जतन करायची मुभा असेल, तर ती फाईल ज्याच्या-त्याच्या संगणकावर Documents मधल्या Zoom फोल्डरमध्ये उतरते, नाव `meeting_saved_chat.txt` सारखं. त्यात जतन करणाऱ्याचे खाजगी संदेशही येतात. बऱ्याच जणांचं Documents फोल्डर आपोआप दुसऱ्या क्लाउडवर चढत असतं, त्यामुळे प्रत तिथेही गेलेली असते. आमच्याकडे अशाच एका फाईलमध्ये चाचणी सर्व्हरचा पासवर्ड सापडला. घाईत कोणीतरी टाकलेला, आणि सहा जणांच्या लॅपटॉपवर पोहोचलेला. बदलायला आम्हाला सात महिने लागले, कारण तो तिथे आहे हेच कोणाला ठाऊक नव्हतं.

मेघना, आधी दोन गोष्टी सांग. करारात गुप्ततेचं कलम आहे का? आणि मीटिंगमध्ये कोणी स्क्रीन दाखवून काय उघडलं होतं?

मेघना: करार काढून पाहिला. काम संपल्यावर ३० दिवसांत ग्राहकाची गोपनीय माहिती परत करायची किंवा नष्ट करायची, असं स्पष्ट लिहिलंय. आणि हो, ऑगस्टमधल्या एका मीटिंगमध्ये त्यांच्या लेखापालाने चुकून हंगामी कामगारांच्या पगाराचा तक्ता उघडला होता. नावं, बँक खात्यांचे क्रमांक, सगळं. चारेक मिनिटं स्क्रीनवर होतं.

अनघा: मग मार्चमध्येच तुमची मुदत सुरू झाली. त्या कामगारांना तर आपलं खातं कुठल्या रेकॉर्डिंगमध्ये दिसतंय याची कल्पनाही नाही. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यातही हेच आहे: हेतू संपला की माहिती पुसायची, दुसऱ्या कायद्याने ठेवायला सांगितलं नसेल तर. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि या जबाबदाऱ्यांना १८ महिन्यांची सवड आहे. पण करार तुम्हाला आजच बांधतो.

सुलभा: आमच्या सोसायटीची वार्षिक सभा गेल्या वर्षी गूगल मीटवर झाली. तिचं रेकॉर्डिंग आधीचे सेक्रेटरी देत नाहीत, ते आता पदावर नाहीत. ते उडवण्यावर बंदी आणता येईल का?

अनघा: सुलभाताई, तुमचा प्रश्न वेगळा आहे, पण मुद्दा कामाचा आहे. गूगल मीटचं रेकॉर्डिंग आयोजकाच्या ड्राइव्हमध्ये जातं, म्हणून ते सोसायटीचं असूनही त्यांच्या खात्यात अडकलंय. ते फोल्डर सोसायटीच्या खात्याशी शेअर करा, असं त्यांना लेखी मागा. इतिवृत्त नोंदवहीत आहे ना? मग ठरावांसाठी तेच महत्त्वाचं.

श्रीपाद: पण मेघनाच्या प्रश्नात तेच तर आहे! इतिवृत्त कोण लिहितं? कोणीच नाही. म्हणून रेकॉर्डिंग लागतं. आणि नवीन साक्ष कायद्यात इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र आणि फाईलचा हॅश, म्हणजे तिचा डिजिटल ठसा, द्यावा लागतो. मूळ फाईलच नसेल तर हॅश कशाचा काढणार?

अनघा: बरोबर, श्रीपादराव. म्हणूनच पैसे थकले असतील, नोटीस आली असेल किंवा वादाची चाहूल असेल तर एकही फाईल हलवू नये. न्यायालयात सादर व्हायची नोंद ती होऊ नये म्हणून नष्ट करणं हा गुन्हा आहे. पण मेघनाकडे पैसे आलेत आणि तक्रार नाही.

तुमच्या २७व्या मिनिटाचं म्हणाल, तर ते वाक्य त्याच दिवशी ई-मेलमध्ये गेलं असतं तर पंधरवडा थांबावं लागलं नसतं. ट्रान्स्क्रिप्टवर तर विसंबूच नका. आमची मीटिंग मराठीत, ट्रान्स्क्रिप्टची भाषा इंग्रजी ठेवलेली. "हे दुसऱ्या टप्प्यात लागणार नाही" यातलं "नाही" गळलं होतं. ते वाचून उद्या कोणी भांडायला आलं तर?

मेघना, असं कर. ४६ मीटिंगचे ठराव दोन-तीन पानांत लिही: तारीख, काय ठरलं, कोणी होकार दिला. ग्राहकाला पाठवून त्यांची लेखी सहमती घे. मग क्लाउडवरचं उडव, Trash रिकामी कर, आणि जुन्या लिंक खाजगी विंडोत उघडून बघ. नंतर टीममधल्या प्रत्येकाला Zoom फोल्डर तपासायला सांग आणि तसं लिहून घे. शेवटची पायरीच लोक सोडतात. आणि आपोआप उडवायची सेटिंग चालू करण्याआधी जपून, ती चालू असलेल्या प्रकल्पांच्या रेकॉर्डिंग्जनाही लागू पडेल.

श्रीपाद: लेखी सहमती मिळेपर्यंत थांबा, हे मान्य. पण ग्राहकाने उत्तरच दिलं नाही तर? आमच्याकडे निम्मे देत नाहीत. मी तरी ठेवीन.

मेघना: ठराव लिहायला बसलेय, चौदा झाले. मेला पासवर्डवाला प्रकार आमच्याही एका चॅटमध्ये निघाला, आत्ताच बदलला.

एक अडचण मात्र आहे. ऑगस्टच्या ज्या मीटिंगमध्ये पगाराचा तक्ता दिसतो, त्याच मीटिंगमध्ये शीतगृहाच्या तापमान-सूचनांचं काम वगळायचं ठरलं होतं. त्यावरून पुढे वाद होईल अशी मला थोडी भीती आहे. ट्रिम करून ती चार मिनिटं काढता येतील का?

अनघा: झूमच्या पोर्टलवरचं ट्रिम फक्त बघताना कुठून कुठपर्यंत दिसावं तेवढं ठरवतं. उतरवून घेतलं की पूर्ण फाईल येते, म्हणजे तक्ता आहे तिथेच. उतरवून घेऊन खरंच कापलीस, तर ती मूळ फाईल राहत नाही आणि श्रीपादरावांचा हॅशचा मुद्दा उभा राहतो. मी असते तर त्या एका ठरावावर ग्राहकाची सही आधी घेतली असती.

श्रीपाद: आणि सही नाही मिळाली तर?

अनघा: तर वकिलाला विचारून मगच. करारातले ३० दिवस की पुरावा, हे तुझ्या करारातले शब्द वाचल्याशिवाय मी सांगणार नाही.

मेघना: उद्या नाशिकला फोन करते. तोवर ती एक राहू देते, बाकीची ४५ रेकॉर्डिंग्ज ठराव मान्य झाल्यावर उडवते.