मदत हवी आहे: निरोप समारंभाच्या फ्लेक्सवर अभिनंदन की शुभेच्छा?

शाळेतली_ताई
आमच्या मुख्याध्यापिका 31 तारखेला नियत वयोमानानुसार निवृत्त होताहेत. फ्लेक्सवाल्याला आज रात्री मजकूर द्यायचाय. एक सर म्हणतात, 'यांना सेवानिवृत्तीच्या हार्दिक शुभेच्छा'. मला ते 'बरं झालं, सुटलात' असं ऐकू येतं. दुसऱ्या बाईंना 'अभिनंदन' हवंय, तिसऱ्यांना 'शुभकामना'. काय लिहू?

कोकणकडा
शुभकामना हिंदी आहे, मराठीत चूक. खोडून टाका.

मुद्रितशोधक
चूक नाही हो. कामना, मनोकामना आपण म्हणतोच. पण मराठी फ्लेक्सवर शुभकामना वाचली की हिंदीतल्या 'शुभकामनाएँ'चा वास येतो, म्हणून मीही ती काढून शुभेच्छा घालतो.

ताई, तुमचा कान बरोबर आहे. जे घडून गेलं, मिळवलं, त्याचं अभिनंदन. जे पुढे यायचंय त्याच्या शुभेच्छा. दहावीच्या पेपरआधी शुभेच्छा देतो, निकालानंतर अभिनंदन करतो. निवृत्तीत दोन्ही असतं. इतकी वर्षं सेवा पूर्ण केली, त्याबद्दल अभिनंदन आणि निवृत्तीनंतरच्या दिवसांसाठी शुभेच्छा. मात्र दोन्ही एकाच वाक्यात कोंबू नका. अभिनंदन 'यांचे' होतं आणि शुभेच्छा 'यांना' देतात. 'यांना अभिनंदन व शुभेच्छा' असं लिहिलं की निम्मं वाक्य लंगडतं, आणि असे फ्लेक्स चौकाचौकात दिसतात.

नागपूरची_मावशी
माझ्या भाच्याचं लग्न आहे पुढच्या महिन्यात. मी 'शुभाशीर्वाद' लिहिलं तर चालेल ना?

मुद्रितशोधक
मावशी, तुम्ही वडीलधाऱ्या, खुशाल लिहा. ताईंच्या फ्लेक्सवर मात्र नको. मुख्याध्यापिकेला शिक्षकांनी आशीर्वाद द्यायचे म्हणजे कठीणच!

शाळेतली_ताई
मग हे बघा:

'सेवापूर्तीबद्दल आदरणीय मॅडमचे हार्दिक अभिनंदन! निरोगी, आनंदी भावी आयुष्यासाठी मनःपूर्वक शुभेच्छा!'
शुभेच्छुक: सर्व शिक्षक व शिक्षकेतर कर्मचारी

मुद्रितशोधक
छान. फक्त 'मॅडम'च्या जागी पूर्ण नाव आणि पुढे 'यांचे'. सेवानिवृत्तीऐवजी सेवापूर्ती केलंत, त्यामुळे अभिनंदन नीट बसलं.

कोकणकडा
सेवापूर्ती मला अजून पटत नाही. ऑर्डरमध्ये सेवानिवृत्तच लिहितात ना? आणि वाढदिवसाला आमच्याकडे सर्रास अभिनंदन म्हणतात, त्याचं काय?

मुद्रितशोधक
ऑर्डर ऑफिसची, फ्लेक्स तुमचा. वाढदिवसाला मी शुभेच्छाच म्हणतो, पण आमच्या घरी आजोबा 'अभीष्टचिंतन' म्हणायचे. 'एक वर्ष पार पाडलं, म्हणून अभिनंदन' असा कुणी वाद घातला तर माझ्याकडे उत्तर नाही.

शाळेतली_ताई
पाठवला मजकूर. फ्लेक्सवाला विचारतोय, 'शुभेच्छूक' करू का?

मुद्रितशोधक
नाही! छु ऱ्हस्व. प्रूफ मागवा आधी.